बाळाचं नाव फॅमिली फ्लोटरमध्ये घालायची रिक्वेस्ट सारखी परत येतेय? आधी नावं आणि तारीख तपासा

दादा-वहिनीच्या बाळाचं नाव त्यांच्या हेल्थ पॉलिसीत घालायला आम्हाला जवळपास दीड महिना लागला, रिक्वेस्ट दोनदा परत आली, आणि शेवटी नाव लागलं तेव्हा कळलं की मधले 44 दिवस बाळाला कव्हरच नव्हतं. घरातले कागदपत्रांचे व्यवहार मी बघते त्यामुळे हे सगळं माझ्याच हातून गेलं. त्यानंतर ऑफिसमधल्या एका मैत्रिणीचं आणि एका शेजाऱ्यांचं काम बघितलं तर तिथेही अडकायची ठिकाणं तीच होती, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतेय.

आधी आमची केस सांगते. पॉलिसी दोघा मोठ्यांची, 1 नोव्हेंबर 2025 ते 31 ऑक्टोबर 2026. बाळ जन्मलं 20 जानेवारी 2026 ला. पॉलिसीत मॅटर्निटी कव्हर नाही. अशा साध्या रिटेल फ्लोटरमध्ये बहुतेक ठिकाणी बाळाला 90 दिवस पूर्ण झाल्यावर घेतात, काही पॉलिसींत तेच "3 महिने" असं लिहिलेलं असतं, आरोग्य संजीवनीतही मुलांचं वय 3 महिन्यांपासूनच धरलंय. जन्माचा दिवस पहिला धरला तर 20 जानेवारीपासून 91 वा दिवस येतो 20 एप्रिलला. म्हणजे बाळाचं कव्हर 20 एप्रिलपासून सुरू होऊ शकत होतं. प्रत्यक्षात सुरू झालं 3 जूनला.

(ज्यांच्या पॉलिसीत मॅटर्निटीबरोबर न्यूबॉर्न कव्हर आहे किंवा ऑफिसची ग्रुप पॉलिसी आहे त्यांचं वेगळं असतं, तिथे पहिल्या दिवसापासून कव्हर मिळू शकतं पण कळवायची मुदत असते, ग्रुपमध्ये ती बऱ्याचदा 30 दिवसांचीच असते. ऑफिसची ग्रुप आणि स्वतःची रिटेल अशा दोन्ही पॉलिसी असतील तर पहिल्या आठवड्यातच एचआरला बाळाची नोंद करायला सांगा, म्हणजे रिटेल पॉलिसीत नाव लागेपर्यंतचे तीन महिने रिकामे जात नाहीत. कावीळ, एनआयसीयू हे सगळं याच दिवसांत येतं.)

आता रिक्वेस्ट का परत आली ते. पहिल्यांदा आम्ही 21 एप्रिलला टाकली, कारण फोनवर सांगितलं होतं की "मॅडम नव्वद दिवस झाले की टाका". सोबत जन्म दाखला जोडला. साधारण दोन आठवड्यांनी मेसेज आला, डॉक्युमेंट अपूर्ण. काय अपूर्ण ते काही लिहिलेलं नाही. फोन केला, पुन्हा केला, तिसऱ्या फोनला एका बाईंनी दाखला उघडून बघितला आणि म्हणाल्या, "ताई, यात बाळाचं नावच नाहीये." आणि खरंच नव्हतं. जन्मतारीख, लिंग, आईचं नाव, वडिलांचं नाव, नोंदणी क्रमांक, सगळं होतं, "बाळाचे नाव" या रकान्यात मात्र एक आडवी रेघ. आम्ही तो दाखला इतक्या वेळा हातात घेतला होता पण तिथे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं.

हे असं का होतं ते समजून घ्या, कारण हे जवळजवळ प्रत्येक घरात होतं. जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत करायची असते, हॉस्पिटलमध्ये जन्म झाला असेल तर ती माहिती हॉस्पिटलच महापालिकेला किंवा नगरपालिकेला पाठवतं. पण आपल्याकडे तेव्हा बारसं झालेलं नसतं, नाव ठरलेलं नसतं, मग नोंद नावाशिवाय होते आणि दाखलाही नावाशिवाय निघतो. तो दाखला खोटा किंवा अर्धवट नाही, कायद्याने चालतोच, पण विमा कंपनीला पॉलिसीत एक नाव छापायचं असतं आणि त्या नावाला पुरावा लागतो. तुम्ही फॉर्मवर बाळाचं नाव लिहिलंत आणि दाखल्यावर ते नाहीच, तर तपासणारा माणूस जुळवणार कशाशी? काहीजण हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड जोडतात, त्यात तर "बेबी ऑफ" आणि पुढे आईचं नाव एवढंच असतं. ते जन्म कधी झाला हे सांगायला उपयोगी आहे, नावासाठी नाही.

उपाय सोपा आहे. जिथे नोंद झाली त्याच जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात नाव घालायचा अर्ज द्यायचा. नोंदणीपासून 12 महिन्यांच्या आत असेल तर नाव घालायला लेट फी लागत नाही, नवीन प्रतीचे जे काय पैसे असतील तेवढेच. त्यानंतरही 15 वर्षांपर्यंत घालता येतं पण विलंब शुल्क भरून. आई-वडिलांचे आधार आणि जुना दाखला न्या. एक गोष्ट मात्र मनापासून सांगते, अर्जावर नाव लिहिताना मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंग घरी कागदावर लिहून, दोघांनी बघून मगच द्या. एकदा नाव चढलं की पुढचा बदल ही "दुरुस्ती" होते आणि त्याला वेगळा अर्ज, वेगळे पुरावे. आणि नवीन प्रत हातात आली की खिडकीवरच वाचा, घरी येऊन नाही.

नाव चढलेला दाखला घेऊन 15 मे ला पुन्हा रिक्वेस्ट टाकली. 22 मे ला परत. यावेळी कारण होतं, आईचं नाव जुळत नाही.

पॉलिसी काढली तेव्हा वहिनींचं लग्न नुकतंच झालेलं, त्यांच्या तेव्हाच्या कागदांवर माहेरचं नाव होतं, तेच पॉलिसीत गेलं. नंतर आधार बदललं, बँक बदलली, पॉलिसी कोणाच्या लक्षातच आली नाही कारण रिन्यूअल आपोआप होत होतं. आणि जन्म दाखल्यावर आधारप्रमाणे सासरचं नाव. आपल्याला माहितीये की दोन्ही बाई एकच, पण तिकडे स्क्रीनसमोर बसलेल्याला पॉलिसीतली पत्नी वेगळी आणि दाखल्यावरची आई वेगळी दिसते, त्याने थांबवलं यात त्याची चूक नाही. चूक एवढीच की पहिल्याच वेळी दोन्ही त्रुटी एकदम सांगितल्या असत्या तर आमचे तीन आठवडे वाचले असते. एक त्रुटी दिसली की फाइल परत करून मोकळं व्हायचं, पुढचं बघायचंच नाही, याचा मला खरंच राग आला होता.

इथे प्रश्न पडतो की दुरुस्त काय करायचं, दाखला की पॉलिसी? माझं मत स्पष्ट आहे, जे आधारशी जुळत नाही ते बदला. आमच्याकडे दाखला आधारप्रमाणे होता, म्हणून पॉलिसी बदलली. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि नवीन आधार जोडून नाव दुरुस्तीची रिक्वेस्ट. याला नॉन-फायनान्शियल एंडोर्समेंट म्हणतात, प्रीमियमवर काही फरक पडत नाही. बाळाचं नाव घालणं ही फायनान्शियल एंडोर्समेंट, कारण प्रीमियम बदलतो. ही दोन कामं एकाच मेलमध्ये एकत्र टाकू नका. आमच्या एजंटने तसं करून बघितलं होतं, त्यातली एकच उचलली गेली आणि तिकीट "क्लोज्ड" झालं. आधी नावाची दुरुस्ती, तिचं पत्र हातात आलं की ते जोडून बाळाची रिक्वेस्ट, असा क्रम ठेवा.

1 जूनला दुरुस्ती झाली आणि 2 जूनला बाळासाठी पैसे भरायची लिंक आली. रक्कम 1,208 रुपये. दादा म्हणाला, "अरे वा, कमीच आहे की, भरून टाक." मला मात्र ते खटकलं, कारण एप्रिलमध्ये मी हिशोब करून ठेवला होता आणि तो 1,560 येत होता.

हा हिशोब प्रत्येकाने करून ठेवावा असं मला वाटतं, अवघड अजिबात नाही. फ्लोटरचा प्रीमियम ठरतो तो कुटुंबातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर, सम इन्शुअर्डवर आणि किती माणसं आहेत त्यावर. दोन मोठे असा एक दर, दोन मोठे आणि एक मूल असा दुसरा दर. आमच्या वयाच्या गटात दोन मोठ्यांचा वर्षाचा प्रीमियम 18,400 आणि मुलासकट 21,320, म्हणजे फरक 2,920. हा झाला पूर्ण वर्षाचा. बाळ वर्षाच्या मध्ये येतंय म्हणून उरलेल्या दिवसांचेच पैसे. 2,920 ला 365 ने भागलं की दिवसाचे बरोबर 8 रुपये. 20 एप्रिलपासून 31 ऑक्टोबरपर्यंत, दोन्ही दिवस धरून, 195 दिवस. 195 गुणिले 8, झाले 1,560. (वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर हेल्थ पॉलिसीवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून काढून टाकलाय, त्यामुळे आमच्या हिशोबात तो नाही. त्याच्या आधीचे जुने आकडे बघून तुलना करत असाल तर तेव्हा 18 टक्के वर लागायचे हे लक्षात ठेवा.)

आता मागितलेले 1,208. त्याला 8 ने भागा, 151 येतात. 31 ऑक्टोबरपासून मागे 151 दिवस मोजा, 3 जून. म्हणजे रक्कम कमी करून दिली नव्हती, कव्हर 3 जूनपासून धरलं होतं. 20 एप्रिल ते 2 जून हे 44 दिवस बाळ पॉलिसीत नाही. लिंकच्या मेसेजमध्ये तारीख कुठेच लिहिलेली नव्हती, फक्त रक्कम होती, आणि रक्कम भागून बघितली म्हणूनच ते समजलं. तुमच्या अपेक्षेपेक्षा रक्कम कमी आली तर आनंद व्हायच्या आधी दिवस मोजा. आणि जास्त आली, अगदी पूर्ण 2,920 च्या आसपास आली, तर उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात न धरता अख्ख्या वर्षाचा फरक लावलाय का ते विचारा. काही पॉलिसींचा नियमच वेगळा असू शकतो पण मग तो त्यांनी पॉलिसीच्या शर्तींमध्ये दाखवायला हवा. एक-दोन रुपयांचा फरक राउंडिंगचा असतो, तो सोडून द्या.

मी मेल केला की पहिली रिक्वेस्ट 21 एप्रिलची आहे, तिथपासून कव्हर द्या, आम्ही जादाचे पैसे भरायला तयार आहोत. नाही म्हणाले. आणि कारण ऐकल्यावर मला ते पटलं. विमा कायदा 1938 च्या कलम 64 व्हीबी प्रमाणे प्रीमियम आधी हातात पडल्याशिवाय कंपनीने जोखीम घ्यायचीच नसते. आमची रिक्वेस्ट 21 एप्रिलची होती पण पैसे 2 जूनला गेले. मागची तारीख लावायची म्हणजे होऊन गेलेल्या दिवसांचा विमा काढल्यासारखं झालं. मग आम्ही आणखी भांडत न बसता त्याच दिवशी पैसे भरले, कारण थांबलो असतो तर 3 जूनही गेला असता.

यातून मैत्रिणीच्या वेळी आम्ही जे बदललं ते सांगते. तिचं बाळ 70 दिवसांचं असतानाच सगळं हातात होतं, नाव असलेला दाखला, पॉलिसीतलं नाव आधारशी जुळवलेलं. त्याच दिवशी मेल टाकला. मजकूर साधारण असा होता, तुम्ही तुमच्या भाषेत लिहा:

"पॉलिसी क्रमांक अमुक. आमच्या मुलीचं नाव चालू फॅमिली फ्लोटर पॉलिसीत घालायचं आहे. जन्मतारीख अमुक. 91 वा दिवस अमुक तारखेला येतो, त्या तारखेपासून कव्हर हवं आहे. नाव असलेला जन्म दाखला आणि फॉर्म जोडला आहे. उरलेल्या दिवसांचा प्रीमियम किती, तो कोणत्या तारखेपासून धरला आहे आणि कागदपत्रांत काही कमी असेल तर सगळं एकाच वेळी लेखी कळवावं."

शेवटचं वाक्य मी मुद्दाम घातलं, आणि त्याचा उपयोग झाला, त्यांनी खरंच फॉर्मवर सही नसल्याचं आणि स्कॅन धूसर असल्याचं एकदम कळवलं. त्यांच्या सिस्टीमने 91 दिवसांच्या आधी रिक्वेस्ट घेतली नाही, पण कागद तपासून ठेवले आणि बरोबर त्या दिवशी सकाळी लिंक पाठवली. सगळ्या कंपन्या असं करतील असं नाही. काही ठिकाणी तर मूल वर्षाच्या मध्ये घेतच नाहीत, फक्त रिन्यूअलला घेतात. म्हणून पहिला प्रश्न तोच विचारा आणि उत्तर लेखी घ्या. रिन्यूअलला अजून सात-आठ महिने असतील आणि मध्ये घेत नसतील तर तेवढा काळ बाळासाठी दुसरी काय सोय करायची हे तेव्हाच ठरवता येतं.

पैसे भरताना एक खड्डा आहे. आलेल्या लिंकवरच भरा, ज्यात एंडोर्समेंटचा रिक्वेस्ट नंबर असतो. शेजाऱ्यांनी लिंक एक्स्पायर झाली म्हणून अॅपमध्ये जाऊन पॉलिसी नंबर टाकून तेवढीच रक्कम भरली. पैसे कापले, पावतीही आली, पण बाळाचं नाव काही लागेना. ती रक्कम कुठल्या रिक्वेस्टला लावायची तेच सिस्टीमला कळलं नव्हतं, ती नुसती जमा पडून होती. लिंक गेली असेल तर नवीन मागवा, आणि असं झालंच असेल तर पावतीचा नंबर आणि रिक्वेस्ट नंबर एकाच मेलमध्ये देऊन "ही रक्कम या रिक्वेस्टला अॅडजस्ट करा" असं सांगा. पैसे त्यांच्याकडे ज्या दिवशी पोचले ती तारीख तुमच्या बाजूने आहे, तिचा उल्लेख जरूर करा.

सगळं होऊनही उत्तरच येत नसेल तर कस्टमर केअरला रोज फोन करण्यात दिवस घालवू नका. कंपनीच्या ग्रिव्हन्स अधिकाऱ्याला लेखी तक्रार करा, मेल आयडी पॉलिसीच्या कागदांतच छापलेला असतो. त्यांनी 14 दिवसांत निकाल द्यायला हवा. नाही दिला किंवा पटला नाही तर आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर म्हणजे bimabharosa.irdai.gov.in वर टाका, नाहीतर 155255 ला फोन. महिनाभरात कंपनीने काहीच केलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, मुंबई आणि पुणे दोन्हीकडे ऑफिस आहे आणि तिथे तक्रारीला फी नाही. आम्हाला तिथपर्यंत जावं लागलं नाही.

एंडोर्समेंटचं पत्र आलं की ते शांतपणे वाचा. नाव, जन्मतारीख, लिंग, नातं, आणि मुख्य म्हणजे कव्हर सुरू व्हायची तारीख. आमच्या पत्रात जन्मतारीख 20-01 च्या ऐवजी 02-01 छापली होती, लगेच कळवलं म्हणून दोन दिवसांत सुधारून मिळालं, पण हे क्लेमच्या वेळी कॅशलेस डेस्कवर उभं राहून कळलं असतं तर किती त्रास झाला असता. पत्रानंतर नवीन ई-कार्ड डाउनलोड करा, जुन्या कार्डावर बाळ नसतंच.

आणि नाव लागलं म्हणजे दुसऱ्या दिवसापासून सगळं मिळतं असंही समजू नका. आई-वडिलांची पॉलिसी पाच वर्षांची असली तरी बाळाचे वेटिंग पिरियड सहसा बाळाचं नाव लागलं त्या तारखेपासून मोजतात. अपघात सोडून इतर आजारांना सुरुवातीचे 30 दिवस, आणि ठरावीक आजारांना बऱ्याच पॉलिसींत 24 महिने. लहान बाळांमध्ये हर्निया आढळतो आणि तो नेमका त्या 24 महिन्यांच्या यादीत असतो, त्यामुळे बाळाला त्याचं ऑपरेशन सांगितलं असेल तर आधी विचारून घ्या. लसीकरणाचा खर्चही बहुतेक साध्या फ्लोटरमध्ये येत नाही. आमच्याकडे हे 30 दिवस 2 जुलैला संपले.

आता ऑक्टोबरमध्ये रिन्यूअलची नोटीस आली की मी दोन गोष्टी बघणार आहे, प्रीमियम तिघांच्या दराने आलाय का, आणि बाळाच्या नावापुढे पहिल्या कव्हरची तारीख 3 जून 2026 हीच कायम राहिलीये का. दादाच्या खात्यातून ऑटो-डेबिट आहे आणि त्याची मर्यादा जुन्या 18,400 च्या हिशोबाने ठेवली होती, ती वाढवायला सांगितलंय, कारण नवीन रक्कम मर्यादेच्या वर गेली तर डेबिटच होणार नाही.